अर्धा वेग, दोन सेकंद, मग पूर्ण वेग: क्रेनचा लोड झुलू न देण्याची युक्ती

आज आपण कारखान्याच्या शेडमध्ये जाणार आहोत आणि मान वर करून बघणार आहोत. शेडच्या दोन्ही बाजूंना उंचावर रूळ असतात. त्यांवरून एक आडवा गर्डर सरकतो, गर्डरवर ट्रॉली धावते आणि ट्रॉलीतून वायररोपवर हुक खाली लोंबतो. शॉपमध्ये सगळे तिला ईओटी क्रेन म्हणतात. खाली ऑपरेटर हातात पेंडंट घेऊन बटणं दाबतो. मी अशा क्रेनवर मोटरचे ड्राइव्ह बसवून ते सेट करून देते, त्यामुळे माझा अर्धा दिवस वर बघण्यात जातो.

क्रेनची गंमत अशी की ऑपरेटरचा ताबा फक्त ट्रॉलीवर असतो. लोड दोरावर असतो आणि दोराला ढकलता येत नाही. ट्रॉली निघाली की लोड मागे राहतो, ट्रॉली थांबली की लोड पुढे जातो, आणि मग झुलत राहतो. हवेचा अडथळा नगण्य आणि दोराचं घर्षणही किरकोळ, म्हणून हा झोका मिनिटभरात मरत नाही. अशा वेळी काय होतं? खाली उभा असलेला खलाशी पुढे होतो आणि हाताने लोड धरतो.

इथे एक आकडा ऐका. दोन टनांचा जॉब चार मीटर दोरावर आहे आणि तो दोन्ही बाजूंना साधारण ३२ सेंटिमीटर झुलतोय. झोक्याच्या टोकाला त्याला धरून ठेवायचं तर जवळजवळ १६० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. माणसाच्या हातात ती नसते. लोड आणि मशीनचा बेड यांच्यात बोटं सापडतात, कधी छाती सापडते. हे अपघात असेच होतात. म्हणून आजचा प्रश्न साधा आहे: लोडला हात न लावता, लोडवर कुठलाही सेन्सर न बसवता, ट्रॉली अशी थांबवता येईल का की लोड तिच्यासोबतच शांत उभा राहील? येईल. त्या पद्धतीला इनपुट शेपिंग म्हणतात, म्हणजे मोटरला दिल्या जाणाऱ्या हुकमालाच आधी आकार द्यायचा.

आधी झोक्याची वेळ

लोड म्हणजे मोठा लंबक. शाळेत दोलनकालाचं सूत्र होतं, आठवतंय? त्याचा पृथ्वीवरचा अगदी सोपा अवतार सांगते. दोराची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा. तेवढ्या सेकंदांत अर्धा झोका होतो, म्हणजे लोड एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो. एक मीटर दोर असेल तर एक सेकंद. चार मीटरला दोन सेकंद. नऊ मीटरला तीन. पूर्ण झोका, जाऊन परत येणं, याच्या दुप्पट.

या सूत्रात वजन कुठेच नाही. अर्धा टन असो की दहा टन, दोर चार मीटर असेल तर अर्धा झोका दोन सेकंदांचाच. आपल्याला लोड किती वजनाचा आहे हे माहीत नसलं तरी तो कधी कुठे असेल हे माहीत असतं. सेन्सर न लावता काम होतं ते याच जोरावर.

आता खरी युक्ती

आपलं उदाहरण ठरवून घेऊ. दोर चार मीटर, ट्रॉलीचा पूर्ण वेग सेकंदाला अर्धा मीटर. हिशोब सोपा राहावा म्हणून सध्या धरू की मोटर क्षणात वेग पकडते.

ऑपरेटरने बटण दाबलं आणि ट्रॉलीने एकदम अर्धा मीटरचा वेग घेतला, तर लोड ३२ सेंटिमीटर मागे-पुढे झुलू लागतो. थांबताना तेवढाच दुसरा झोका तयार होतो. हे दोन झोके जुळून आले तर ६४ सेंटिमीटर होतात, एकमेकांच्या विरुद्ध आले तर शून्य. ट्रॉली बरोबर चार किंवा आठ सेकंद धावली तर लोड आपोआप शांत थांबतो, सहा सेकंद धावली तर सगळ्यात वाईट झुलतो. एकाच क्रेनवर तोच ऑपरेटर, एकदा लोड छान बसतो आणि पुढच्या खेपेला नुसता डुलतो, त्याचं हे एक कारण.

आता बटण तेच, पण मधला कंट्रोलर हुकूम दोन भागांत देईल. आधी अर्धाच वेग, म्हणजे सेकंदाला पाव मीटर. मग दोन सेकंद थांबायचं. मग पूर्ण वेग.

या दोन सेकंदांत काय घडतं ते ट्रॉलीवर बसून बघा. ट्रॉली पाव मीटरच्या वेगाने निघाली, लोड अजून जमिनीच्या हिशोबाने उभा आहे. म्हणजे ट्रॉलीवरून बघणाऱ्याला लोड पाव मीटर वेगाने मागे जाताना दिसतो. तो मागे जातो, १६ सेंटिमीटरवर क्षणभर थांबतो, परत फिरतो, आणि बरोबर दोन सेकंदांनी पुन्हा ट्रॉलीच्या खाली येतो. लंबक तळाशी परत येतो तेव्हा वेग तेवढाच असतो, दिशा फक्त उलटी. म्हणजे आता लोड ट्रॉलीच्या तुलनेत पाव मीटर वेगाने पुढे चाललाय. ट्रॉली स्वतः पाव मीटरने पुढे चालली आहे. दोन्ही मिळून जमिनीच्या हिशोबाने लोडचा वेग झाला अर्धा मीटर.

आणि नेमक्या त्याच क्षणी ट्रॉली अर्धा मीटर वेग घेते. लोड बरोबर खाली आहे, दोघांचा वेग सारखा आहे. आता झुलायला कारणच उरलं नाही. लोड ट्रॉलीखाली सरळ लोंबत, तिच्यासोबत शांतपणे चालतो.

थांबताना हेच उलट. बटण सोडलं की ट्रॉली अर्ध्या वेगावर येते. लोड थोडा पुढे जातो, फिरतो, आणि दोन सेकंदांनी ट्रॉलीखालून मागच्या दिशेने जात असतो. ट्रॉली पाव मीटरने पुढे, लोड तिच्या तुलनेत पाव मीटरने मागे, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने लोड उभा. त्याच क्षणी ट्रॉली थांबते. दोघंही उभे.

मुरलेला ऑपरेटर हे डोळ्याने करतो. लोड पुढे जाताना बघून तो ट्रॉलीला एक छोटा झटका देतो आणि तिला लोडच्या डोक्यावर नेऊन उभी करतो. त्याच्या डोळ्यांतून त्याला फीडबॅक मिळतो. इनपुट शेपिंगमध्ये बघणारं कुणी नाही. घड्याळ आहे आणि दोराची लांबी आहे, एवढंच.

ही कल्पना नवी नाही. ऑटो स्मिथ नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९५७ मध्ये ती ‘पॉझिकास्ट’ या नावाने मांडली. नंतर एमआयटीत नील सिंगर आणि वॉरन सीरिंग यांनी १९९० च्या त्यांच्या निबंधात तिला आजचं रूप दिलं. जॉर्जिया टेकमध्ये विल्यम सिंगहोज यांच्या गटाने खऱ्या क्रेनवर माणसांना अडथळ्यांमधून लोड न्यायला लावून तुलना केली. शेपिंग चालू असताना लोक लवकर पोचले आणि लोड कमी वेळा आदळला.

फुकट काहीच नाही

आता किंमत. बटण सोडल्यावर ट्रॉली अजून दोन सेकंद अर्ध्या वेगाने चालते, म्हणजे अर्धा मीटर पुढे जाते. ऑपरेटरला अर्धा मीटर आधी बटण सोडायची सवय करावी लागते. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं की क्रेन ऐकत नाही. मी सुरुवातीला रिकाम्या हुकवर, जमिनीवर खडूची रेघ मारून सराव करायला सांगते. अर्धा मीटर दर वेळी तेवढाच असतो, त्यामुळे हात लवकर बसतो.

दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. ऑपरेटरने बटण एकच सेकंद दाबून सोडलं तर? हुकमाचा पहिला अर्धा भाग लगेच गेला आणि सेकंदाने परत घेतला गेला. दुसरा अर्धा भाग मात्र दोन सेकंद उशिराने यायचाच आहे. म्हणजे ट्रॉली एक सेकंद चालते, एक सेकंद थांबते, आणि बटणावर हात नसताना पुन्हा एक सेकंद चालते! गणिताने हे बरोबरच आहे, झोका त्यानेच मरतो. पण खाली कुणी जॉबजवळ उभा असेल आणि त्याला हे सांगितलेलं नसेल, तर ही गोष्ट घातक आहे. म्हणून जॉब बेडवर बसवताना, इंचाइंचाने सरकवताना, शेपिंग बंद करून सावकाश वेगावर काम करायचं. त्यासाठी पेंडंटवर वेगळा स्विच ठेवतात.

आणि तिसरी गोष्ट, यात तडजोड नाही. इमर्जन्सी स्टॉप शेपिंगमधून कधीही जाऊ द्यायचा नाही. लाल बटण दाबलं की ट्रॉली तिथल्या तिथे थांबली पाहिजे. लोड झुलेल, झुलू द्या. समोर माणूस असताना क्रेनने आणखी अर्धा मीटर जाणं परवडत नाही.

लांबी चुकली तर?

आता तुमच्या मनात आलं असेल, दोराची लांबी सतत बदलते की! बरोबर. सेटिंग चार मीटरचं आहे आणि लोड खरं म्हणजे पाच मीटरवर आहे, असं समजा. शेपिंग नसतं तर झोका ३६ सेंटिमीटर आला असता. चुकीच्या सेटिंगने तो ६ सेंटिमीटर उरतो. वाईट नाही. पण लोड आठ मीटरवर असेल तर ४५ पैकी २० सेंटिमीटर उरतात. तिथे मग युक्ती जेमतेम अर्धं काम करते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, हुकूम दोनऐवजी तीन भागांत द्यायचा: आधी पाव वेग, दोन सेकंदांनी पाऊण, आणखी दोन सेकंदांनी पूर्ण. असं केलं तर पाच मीटरच्या उदाहरणात ६ ऐवजी फक्त १ सेंटिमीटर झोका उरतो. म्हणजे लांबीचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. पण थांबायला आता चार सेकंद लागतात आणि ट्रॉली एक मीटर पुढे जाते. चूक पचवण्याची ताकद हवी तर वेळ मोजावा लागतो, असा हा सौदा आहे.

दुसरा उपाय, होइस्टच्या ड्रमवर एन्कोडर बसवून दोर किती सुटलाय ते मोजायचं आणि त्यावरून मधली वेळ बदलत राहायची. हा सेन्सर झाला, पण तो झोका बघत नाही, फक्त लांबी सांगतो. लोड किती झुलतोय याची कंट्रोलरला तरीही खबर नसते. इथे एक बारकावा आहे. लांबी हुकपर्यंतची धरायची नसते, लोडच्या वजनाच्या मध्यापर्यंतची धरायची. हुकखाली दीड मीटरच्या स्लिंग आणि त्याखाली उंच जॉब असेल, तर ड्रमचा आकडा एकटा पुरत नाही. स्लिंगची लांबी त्यात धरावी लागते.

झोका उरला, आता कारण कसं शोधायचं?

मी आधी फोनचा स्टॉपवॉच काढते. लोडचे दहा पूर्ण झोके मोजायचे आणि वीसने भागायचं. अर्ध्या झोक्याची वेळ मिळाली. ती सेटिंगशी जुळत नसेल तर लांबी चुकली आहे, विषय संपला.

वेळ जुळते आणि तरी लोड झुलतो, तर सुरुवात आणि शेवट वेगवेगळे तपासायचे. लोड आधी पूर्ण शांत होऊ द्यायचा, मग ट्रॉली चालवायची आणि थांबवायच्या आधीच, ती पूर्ण वेगात असताना, लोडकडे बघायचं. तो ट्रॉलीखाली सरळ असेल तर सुरुवात ठीक, गडबड थांबण्यात आहे. पुष्कळदा गडबड ड्राइव्हमध्ये सापडते. अर्धा वेग सांगितला की मोटर खरोखर अर्ध्या वेगाने चालायला हवी. जुन्या दोन-वेगी क्रेनमध्ये फक्त हळू आणि जलद असे ठरलेले वेग असतात, त्यात हळू म्हणजे अर्धा नसतो. तिथे ही पद्धत अशीच्या अशी चालत नाही.

खरी मोटर क्षणात वेग घेत नाही, हे आपण मघाशी बाजूला ठेवलं होतं. त्याने फार बिघडत नाही. ड्राइव्हला पाव मीटरपर्यंत जायला अर्धा सेकंद लागतो असं धरा. पहिलं अर्धं पाऊल अर्ध्या सेकंदात चढेल, दुसरंही अर्ध्या सेकंदात चढेल. दोन्ही पावलं एकसारखी आहेत आणि त्यांच्यात दोन सेकंदांचं अंतर आहे, म्हणून ती एकमेकांचा झोका अजूनही पुसतात. पहिलं पाऊल पूर्ण व्हायच्या आत दुसरं सुरू झालं, किंवा मोटरने दोन पावलं दोन वेगवेगळ्या पद्धतीने चढली, तर मात्र हिशोब बिघडतो.

कधी कधी बघाल तर हुक एका तालात हलतोय आणि त्याखालचा जॉब वेगळ्याच तालात. हुकब्लॉक जड आणि स्लिंग लांब असली की असं होतं. एका लंबकाखाली दुसरा लंबक लटकलाय, म्हणून दोन वेगळे दोलनकाल. एकाच वेळेचं शेपिंग त्यातला एकच ताल मारतं. दुसऱ्या तालासाठी हुकमाचे आणखी तुकडे करावे लागतात, म्हणजे पुन्हा थोडा वेळ जातो.

आणि काही झोके या पद्धतीच्या हद्दीबाहेरचेच आहेत. ट्रॉली जॉबच्या बरोबर वर नसताना तिरका उचलला, तर तो उचलतानाच झुलतो. शेडच्या उघड्या दारातून वारा आला, लोड कशाला घासला, तेही तसंच. शेपिंग फक्त स्वतःच्या हुकमाने होणारा झोका टाळतं. आधीपासून असलेला झोका त्याला दिसत नाही, म्हणून तो मोडताही येत नाही. त्यासाठी लोड बघणारा कॅमेरा किंवा कोन मोजणारा सेन्सर, म्हणजे खरा फीडबॅक लागतो. म्हणून लोड उचलायच्या आधी हुक सरळ लोंबतोय ना, हे बघायचा नियम शेपिंग बसवल्यावरही तसाच राहतो.

घरी करून बघा

एक मीटर दोरी घ्या, टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधा. टेबलाच्या कडेला दहा-दहा सेंटिमीटरवर तीन खुणा करा. दोरी पहिल्या खुणेवर धरा, किल्ल्या शांत होऊ द्या. आता हात एका झटक्यात तिसऱ्या खुणेवर न्या. किल्ल्या दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर झुलतील.

आता दुसऱ्यांदा. झटक्यात फक्त मधल्या खुणेवर जा. मनात ‘एक हजार एक’ म्हणा, साधारण एक सेकंद होतो. किल्ल्या पुढे जाऊन तिसऱ्या खुणेखाली क्षणभर थबकतील. त्याच क्षणी हात तिसऱ्या खुणेवर न्या. किल्ल्या तिथेच राहतील. इथे वेगाऐवजी जागा अर्धी-अर्धी केली, तत्त्व तेच.

तिसऱ्यांदा दोरी पाव मीटर करा, पण थांबा तेवढाच, एक सेकंद. आता अर्धा झोका अर्ध्याच सेकंदाचा आहे, म्हणून सेकंदभरात किल्ल्या पुढे जाऊन मागे परत आलेल्या असतील. तुम्ही दुसरं पाऊल टाकलं की त्या पुन्हा पूर्ण वीस सेंटिमीटर झुलतील, जणू काही युक्ती केलीच नव्हती. मग थांबण्याची वेळ अर्धा सेकंद करून बघा. किल्ल्या किती शांत राहिल्या, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात.